उपक्रमाची सांगता : संस्थेचे साहित्य कसे परत करावे

प्राथमिक शाळेत एखाद्या स्वयंसेवी संस्थेचा उपक्रम सुरू होतो, तेव्हा त्याची कागदपत्रे बहुधा व्यवस्थित असतात. परवानगीचे पत्र असते, साहित्य पोचल्याची चलने असतात, उद्घाटनाचे वृत्तही लिहून ठेवलेले असते. तोच उपक्रम तीन वर्षांनी संपतो तेव्हा मात्र पुष्कळ शाळांत कागद म्हणून काही उरत नाही. संस्थेचा कार्यकर्ता एके दिवशी गाडी घेऊन येतो आणि कपाटातील पुस्तके भरून नेतो. किंवा कोणी येतच नाही आणि पुस्तके तशीच पडून राहतात. पुढे मुख्याध्यापकांची बदली होते. नवे मुख्याध्यापक कार्यभार घेताना विचारतात, "ही पुस्तके शाळेची की संस्थेची? चलनात चारशे वीस आहेत, कपाटात इतकी कमी का?" या प्रश्नाचे उत्तर ज्यांना ठाऊक होते ते तोवर दुसऱ्या गावी गेलेले असतात, आणि उत्तर देण्याची जबाबदारी मात्र त्यांच्याच नावावर राहते.

यात दुसरेही एक नुकसान होते, आणि ते अधिक मोठे आहे. हिशेब द्यावा लागणार या धास्तीने शिक्षक शेवटच्या दोन-तीन महिन्यांत पुस्तके कुलपात ठेवतात. देवघेवीची वही पाहिली म्हणजे हे चटकन ध्यानात येते. जानेवारीपर्यंत पाने भरलेली असतात, फेब्रुवारीपासून कोरी. मुलांना पुस्तक घरी नेण्याची जी सवय तीन वर्षांत लागली, ती उपक्रम संपण्यापूर्वीच मोडते. म्हणून साहित्य परत करण्याचे काम अशा रीतीने झाले पाहिजे की संस्थेचा हिशेब चोख व्हावा आणि मुलांची देवघेव एक आठवडाही बंद पडू नये. ते कसे साधावे, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

नमुन्याची शाळा

समजा, पहिली ते चौथीची एक द्विशिक्षकी शाळा आहे. पटावर ६२ मुले आहेत. एका संस्थेने या शाळेत तीन वर्षे वाचनालयाचा उपक्रम चालविला. संस्थेने दोन खेपांत पुस्तके दिली. पहिल्या खेपेत ४२० व दुसऱ्या खेपेत १८०. यांखेरीज दोन लोखंडी मांडण्या, सहा सतरंज्या आणि चार्जरसह एक टॅबलेट मिळाला. गावातील एक भगिनी संस्थेच्या मानधनावर आठवड्यातून तीन दिवस मुलांना गोष्टी वाचून दाखवीत व पुस्तकांची देवघेव पाहत. मुले त्यांना वाचनताई म्हणत. कराराची मुदत ३० एप्रिल रोजी संपते. संस्था मुदत वाढविण्यास तयार आहे. पण पुढील टप्प्यात दररोज एक तास टॅबलेटवरील पाठ आणि दर महिन्यास एक चाचणी अशी तिची अपेक्षा आहे. दोन शिक्षक आणि चार वर्ग असलेल्या शाळेला हा तास काढणे शक्य नाही. सबब शाळेने करार पुढे न चालविण्याचे ठरविले आहे. दोन्ही पक्षांत वाद नाही, कोणाचा दोष नाही. उपक्रम चांगला होता आणि तो संपत आहे, एवढेच.

निर्णय कोणी घ्यावा ?

मुख्याध्यापकांनी सर्वांत आधी करारपत्र काढून त्याच्या शेवटच्या पानावरील सह्या पाहाव्यात. करार संस्था आणि जिल्हा परिषद यांच्यात झाला असेल, तर एखादी शाळा तो आपल्यापुरता संपवू शकत नाही. त्या शाळेने आपली अडचण केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावी आणि उत्तर येईपर्यंत उपक्रम चालू ठेवावा. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने शाळा व संस्था यांच्यात करार झाला असेल, तर शाळेला निर्णय घेता येतो. मात्र परवानगी ज्या कार्यालयाने दिली त्यास तो कळविला पाहिजे.

नमुन्याच्या शाळेतील करार दुसऱ्या प्रकारचा आहे, असे धरू या. येथेही मुख्याध्यापकांनी एकट्याने पत्र लिहून मोकळे होऊ नये. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. ज्यांची मुले ती पुस्तके घरी आणीत होती त्यांना उपक्रम का संपत आहे हे समितीच्या बैठकीतच कळावे. बाजारच्या दिवशी चावडीवर कळू नये. कारण गावात एकदा "मास्तरांनी पुस्तके परत पाठविली" असे बोलले गेले की त्याचा खुलासा करणे फार जड जाते.

ठराव थोडक्यात असावा. त्यात कराराची तारीख, मुदत संपण्याची तारीख, पुढे न चालविण्याचे कारण एका वाक्यात, आणि साहित्याची मोजणी करण्यासाठी नेमलेल्या तिघांची नावे असावीत. हे तिघे म्हणजे एक शिक्षक, समितीवरील एक पालक आणि संस्थेचा प्रतिनिधी. करारात पूर्वसूचनेची मुदत दिलेली असते. ती तीस दिवसांची असेल तर ठराव फेब्रुवारीच्या बैठकीत व्हावा आणि पत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात जावे. पत्राची स्थळप्रत आवक-जावक नोंदवहीतील क्रमांकासह ठेवावी.

काय संस्थेचे, काय शाळेचे ?

हिशेबाचा सारा घोळ येथे होतो. तीन वर्षे एकाच मांडणीवर राहिलेल्या वस्तू सर्वांना आपल्याच वाटू लागतात. कोणाला काय आठवते यावर निर्णय करू नये. प्रत्येक वस्तूसाठी ती ज्या चलनाने आली ते चलन काढावे आणि त्यावरील शब्द वाचावेत.

नमुन्याच्या शाळेत पहिल्या खेपेच्या चलनावर "उपक्रमाच्या कालावधीपुरते वापरासाठी" असे लिहिलेले आढळले. म्हणजे ही ४२० पुस्तके उसनी होती आणि ती परत जावयाची. दुसऱ्या खेपेच्या चलनावर "शाळेस भेट" असे होते. म्हणजे ती १८० पुस्तके शाळेची झाली. मांडण्याही भेट होत्या. टॅबलेट वापरापुरता होता. सतरंज्यांचे चलन सापडले नाही; समितीच्या जुन्या इतिवृत्तात मात्र त्या गावकऱ्यांच्या देणगीतून घेतल्याचा ठराव मिळाला. तीन वर्षे ज्या सतरंज्यांना सारे "संस्थेच्या सतरंज्या" म्हणत होते, त्या मुळात गावाच्याच होत्या. चलनही नाही आणि ठरावही नाही अशी एखादी वस्तू निघाली, तर संस्थेला लेखी विचारावे आणि तिचे उत्तर त्याच कागदपत्रात लावावे.

पुस्तकांवरील शिक्क्यांवर पूर्ण भिस्त ठेवू नये. वाचनाच्या पातळीप्रमाणे रंगीत पट्ट्या चिकटविताना संस्थेचा कार्यकर्ता मांडणीवरील सर्वच पुस्तकांना पट्टी लावतो. समग्र शिक्षेच्या अनुदानातून शाळेने घेतलेली पुस्तकेही त्यात येतात, आणि कधी कधी शाळेचा शिक्का पट्टीखाली झाकला जातो. म्हणून शाळेच्या ग्रंथालय नोंदवहीतील दाखल क्रमांक प्रथम पडताळून शाळेची पुस्तके वेगळी काढावीत. त्यानंतर उरलेल्या पुस्तकांची गाठ चलनासोबतच्या यादीशी घालावी.

याच वेळी जडवस्तू संग्रह नोंदवही, जिला सर्वत्र डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात, ती उघडून पाहावी. उसनी वस्तू तेथे शाळेची म्हणून चढविली गेली असेल तर ती सहजासहजी परत देता येत नाही. नोंदवहीत एकदा आलेली वस्तू निर्लेखनाची मान्यता असल्याशिवाय शाळेबाहेर गेली, तर ती हिशेबात गहाळच धरली जाते. नमुन्याच्या शाळेत टॅबलेटची नोंद अशीच झाली होती. अशा वेळी जुनी नोंद खोडू नये, तिच्यावर दुसरे अक्षर गिरवू नये. मूळ चलनाची प्रत व समितीचा ठराव जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीची मागणी करावी. मान्यता आल्यावर शेऱ्याच्या रकान्यात तिचा क्रमांक व दिनांक लिहून मुख्याध्यापकांनी सही करावी, आणि मगच वस्तू द्यावी. या कामी काही आठवडे जातात. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी नोंदवही उघडणाऱ्यास ते साधत नाही.

भेट मिळालेल्या वस्तूंच्या बाबतीत उलट चूक आढळते. १८० पुस्तके भेट मिळाली त्याच दिवशी ती ग्रंथालय नोंदवहीत चढावयास हवी होती. ती चढली नसतील तर आता चढवावीत. पण नोंद चलनाप्रमाणे १८० चीच करावी. आज मोजून १७२ भरली म्हणून १७२ लिहिणे सोपे वाटते. तथापि तसे केल्यास चलन आणि नोंदवही यांचा मेळ कधीच बसणार नाही. नोंद १८० ची करावी आणि ८ पुस्तके मोजणीत आढळली नाहीत, असे त्याच पानावर समितीच्या ठरावाच्या क्रमांकासह लिहावे.

मोजणी

मोजणीचा दिवस विचारपूर्वक निवडावा. ज्या गावांतून ऊसतोडीसाठी कुटुंबे दिवाळीनंतर बाहेर पडतात, तेथे फेब्रुवारीत मोजणी केल्यास त्या मुलांकडची पुस्तके हरवली असे दिसते. ही कुटुंबे बहुतेक मार्च-एप्रिलात परततात. दुसऱ्या बाजूने, मोजणी मेच्या सुटीवर ढकलली तर मुले मामाच्या गावी गेलेली असतात. म्हणून एप्रिलचा दुसरा आठवडा बहुतेक शाळांना सोयीचा पडतो.

मोजणी चालू असताना देवघेव थांबवू नये. मोजणीच्या दिवशी जी पुस्तके मुलांकडे असतील ती देवघेवीच्या वहीवरून मोजावीत. नमुन्याच्या शाळेत उसन्या ४२० पुस्तकांचा पहिल्या दिवशीचा हिशेब असा निघाला : मांडणीवर ३७१, मुलांकडे २४, फाटून निकामी झालेली १३ आणि न आढळलेली १२. चारही आकड्यांची बेरीज ४२० भरते. ही बेरीज भरल्याखेरीज पुढचे काम करू नये. ती कमी भरली तर एखादा गठ्ठा मोजावयाचा राहिला आहे. अधिक भरली तर शाळेची पुस्तके त्यात मिसळली आहेत.

त्यानंतर दहा दिवसांत मुलांकडील पुस्तके गोळा केली. चोवीसांपैकी २० आली. दोन पुस्तके अद्याप कारखान्यावर असलेल्या कुटुंबांकडे होती. उरलेली दोन सापडली नाहीत. तेव्हा न आढळलेल्या पुस्तकांचा आकडा १४ झाला. शेवटचा हिशेब मग असा : सुस्थितीत ३९१, निकामी १३, नंतर देण्याजोगी २, न आढळलेली १४. एकूण पुन्हा ४२०.

निकामी झालेली १३ पुस्तके टाकून देऊ नयेत. फाटलेले पुस्तक हा पुस्तक होते याचा पुरावा आहे. तेरा पुस्तकांचा वेगळा गठ्ठा बांधून त्यावर तसे लिहून तोही परत द्यावा. तसे न केल्यास न आढळलेली पुस्तके चौदाची सत्तावीस होतात.

गहाळ पुस्तकांविषयी

चौदा पुस्तकांचे काय करावे, हा प्रश्न शिक्षकांना सर्वांत अधिक सतावतो. काही शिक्षक स्वतःच्या खिशातून तितकीच पुस्तके आणून संख्या पुरी करतात. काही मुलांकडून भरपाई मागतात. दोन्ही मार्ग टाळावेत. दुसरी पुस्तके भरून संख्या जुळते, पण यादीतील नावे जुळत नाहीत, आणि मग खऱ्या हिशेबावरही संशय येतो. मुलांकडून पैसे मागितले तर पुढे पुस्तक घरी नेण्यास आईबाप मुलास मनाई करतात. गरीब घरांत हे आधी घडते, म्हणजे ज्या घरात दुसरे पुस्तक नाही नेमके तेथेच पुस्तक जाणे बंद होते.

योग्य मार्ग एकच आहे. करारात नुकसानीविषयी काय म्हटले आहे ते पाहावे, आणि आकडा जसा आहे तसा संस्थेला लेखी कळवावा. तीन वर्षे ६२ मुलांच्या हाती फिरलेल्या ४२० पुस्तकांपैकी १४ न आढळणे म्हणजे शेकडा तीनांहून किंचित अधिक. ज्या संस्थांनी वाचनालये चालविली आहेत त्यांना ही झीज परिचयाची असते. तीन वर्षांनंतर एकही पुस्तक फाटलेले अथवा हरवलेले नसेल, तर त्यावरून पुस्तके मुलांच्या हाती गेलीच नाहीत असा अर्थ काढण्यास अधिक जागा आहे. मात्र करारात भरपाईचे स्पष्ट कलम असेल, तर मुख्याध्यापकांनी परस्पर कबुली देऊ नये. समितीपुढे विषय ठेवून संस्थेकडे सूट मागण्याचा ठराव करावा व गटशिक्षणाधिकाऱ्यांस त्याची प्रत द्यावी.

टॅबलेट व मुलांची माहिती

पुस्तक परत देताना त्यासोबत काही जात नाही. टॅबलेटसोबत मात्र मुलांची नावे, छायाचित्रे, आवाज आणि वाचन-पातळीच्या नोंदी जातात. म्हणून तो देण्यापूर्वी तीन गोष्टी या क्रमाने कराव्यात. प्रथम, प्रत्येक मुलाची अखेरची वाचन-पातळी शाळेच्या नोंदवहीत हाताने उतरून घ्यावी. पुढील वर्गशिक्षकांना ती लागेल. नंतर, करारानुसार संस्थेला ज्या नोंदी द्यावयाच्या त्या तिच्या प्रतिनिधीने शिक्षकांसमक्ष घ्याव्यात. शेवटी उरलेली छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि शिक्षकाचे स्वतःचे खाते काढून टाकावे. क्रम उलटा झाला तर एक तर नोंदी नाहीशा होतात, किंवा शिक्षकाच्या मोबाइल क्रमांकाला जोडलेले खाते परक्या हाती चालू राहते.

संस्थेकडे आधीच पोचलेल्या छायाचित्रांविषयीही पत्रात एक वाक्य घालावे : उपक्रम संपल्यानंतर या शाळेतील मुलांची छायाचित्रे पालकांच्या नव्या संमतीवाचून प्रसिद्ध करू नयेत, अशी विनंती आहे. अंकीय स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली केंद्राने जो अधिनियम केला, त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून तिच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. सबब या विनंतीचा संस्थेस राग येण्याचे कारण नाही.

आधी मांडणी, मग बांधणी

परत जाणारी पुस्तके आधी बांधावीत आणि मग उरलेल्यांची व्यवस्था लावावी, असा क्रम बहुतेक जण धरतात. तो उलटा करावा. नमुन्याच्या शाळेत भेटीची १७२ व शाळेची स्वतःची ११० मिळून २८२ पुस्तके राहणार होती. ती प्रथम दोन्ही मांडण्यांवर लावली. मोठी चित्रे व थोडा मजकूर असलेली पुस्तके पहिली-दुसरीच्या मुलांच्या हातास येतील अशी खालच्या फळीवर ठेवली. देवघेवीसाठी नवी वही घातली व शनिवारचा दिवस ठरला. वाचनताईंनी चौथीच्या चार मुलांना वहीत नोंद कशी करावी हे त्यांच्या अखेरच्या दोन आठवड्यांत शिकविले. हे झाल्यावर मगच परतीची पुस्तके बांधावयास घेतली. त्यामुळे गाडी गेल्यानंतरच्या शनिवारीही मुलांनी नेहमीप्रमाणे पुस्तके नेली.

बांधताना पंचवीस-पंचवीसांचे गठ्ठे करावेत. ३९१ पुस्तकांचे पंधरा पूर्ण गठ्ठे होतात व सोळा पुस्तकांचा एक लहान. प्रत्येक गठ्ठ्यावर क्रमांक घालावा आणि त्यातील पुस्तकांच्या नावांची चिठ्ठी आत ठेवून तिची एक प्रत शाळेत राखावी. गठ्ठे पोत्यात न भरता खोक्यात भरावेत. पोत्यात पातळ पुस्तकांचे कोपरे दुमडतात. गाडी येण्यास विलंब झाला तर खोकी जमिनीवर वा भिंतीला टेकून ठेवू नयेत. वाळवीला एक पावसाळा पुरतो. १५ मेपर्यंत कोणी न्यावयास आले नाही, तर तसे पत्र संस्थेला पाठवून त्याची प्रत केंद्रप्रमुखांस द्यावी. त्या पत्रानंतर, शाळेने साहित्य देण्यास टाळाटाळ केली असे कोणास म्हणता येत नाही.

पोच

गाडीसोबत आलेल्या चालकाच्या हाती साहित्य देऊन त्याची सही घेणे म्हणजे पोच नव्हे. संस्थेने नावाने अधिकार दिलेल्या व्यक्तीची सही, नाव, हुद्दा, तारीख आणि संस्थेचा शिक्का पाहिजे. "साहित्य मिळाले" एवढ्या दोन शब्दांवर समाधान मानू नये. नमुन्याच्या शाळेने घेतलेल्या पोचेचा मजकूर असा होता :

"पहिल्या खेपेतील ४२० पुस्तकांपैकी सुस्थितीतील ३९१ व निकामी १३, एकूण ४०४ पुस्तके मिळाली. २ पुस्तके ३० जूनपर्यंत मिळावयाची आहेत. १४ पुस्तके न आढळल्याचे शाळेने कळविले असून वापरातील हानी म्हणून ते संस्थेस मान्य आहे. टॅबलेट १ व चार्जर १ चालू स्थितीत मिळाले. दुसऱ्या खेपेतील १८० पुस्तके व मांडण्या २ या शाळेच्या मालकीच्या आहेत. वरील दोन पुस्तकांखेरीज संस्थेचे शाळेकडे काही येणे नाही."

यातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. ते नसल्यास हिशेब उघडा राहतो. पोचेच्या तीन प्रती कराव्यात : एक संस्थेस, एक शाळेच्या कायम कागदपत्रांत आणि एक केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. मुख्याध्यापकांची बदली झाल्यास कार्यभाराच्या यादीस हिची नक्कल जोडावी. राहिलेली दोन पुस्तके जूनमध्ये आली की ती पाठवून त्याच कागदावर तशी नोंद घ्यावी.

आभाराचे पत्र

आभाराचे पत्र हिशेबाच्या पत्रात मिसळू नये. हिशेबाच्या खाली "आपले आभारी आहोत" असे एक वाक्य लिहिले तर ते उपचाराचे वाटते, आणि आभाराच्या पत्रात गहाळ पुस्तकांचा उल्लेख आला तर दोन्ही कामे बिघडतात. आभाराचे पत्र वेगळे लिहावे व पोच मिळाल्यावर लगेच धाडावे.

अशा पत्रांत दोन दोष वारंवार आढळतात. एक म्हणजे कोणत्याही संस्थेस लागू पडेल अशी स्तुती. दुसरा अधिक घातक, तो म्हणजे न तपासलेले प्रमाणपत्र. "आपल्या उपक्रमामुळे शाळेतील सर्व मुले अस्खलित वाचू लागली" असे आभाराच्या भरात लिहिले जाते. संस्था ते वाक्य आपल्या अहवालात छापते, आणि पुढील तपासणीत मुले अडखळली म्हणजे शाळेला त्याचे उत्तर द्यावे लागते. जे डोळ्यांनी पाहिले व वहीत नोंदले तेवढेच लिहावे. नमुन्याच्या शाळेचे पत्र पुढीलप्रमाणे होते :

"आपल्या संस्थेने गेली तीन वर्षे आमच्या शाळेत वाचनालय चालविले, त्याबद्दल शाळा व्यवस्थापन समिती आपली आभारी आहे. उपक्रम सुरू होण्यापूर्वी पुस्तके कपाटात असत व मुले ती क्वचित घरी नेत. आज देवघेवीच्या वहीत चारही वर्गांतील मुलांची नावे दर आठवड्यास आढळतात. पहिलीची मुले घरी नेलेल्या पुस्तकातील चित्रे आजीला दाखवून गोष्ट सांगतात, असे पालकांनी बैठकीत सांगितले. वाचनताईंनी पावसापाण्यात एकही वार चुकविला नाही, याचा आम्ही विशेष उल्लेख करतो. आपण भेट दिलेल्या पुस्तकांच्या आधारे दर शनिवारची देवघेव शाळा पुढे चालविणार आहे. आपले कार्यकर्ते या बाजूस आले तर त्यांनी एखाद्या शनिवारी शाळेत अवश्य यावे."

या पत्रावर समितीच्या अध्यक्षांची व मुख्याध्यापकांची सही असावी. वाचनताईंना वेगळे पत्र द्यावे आणि त्यात त्यांनी किती काळ व कोणते काम केले ते स्पष्ट लिहावे. दुसरीकडे काम मिळविताना त्यांना ते उपयोगी पडेल. "शाळा तुम्हांला पुढेही ठेवून घेईल" असे आश्वासन मात्र मानधनाची तरतूद असल्याशिवाय कोणीही देऊ नये. त्यांच्याकडील किल्ली व वह्या त्याच दिवशी सहीनिशी परत घ्याव्यात.

निरोपाचा कार्यक्रम परिपाठानंतर अर्ध्या तासात उरकावा. त्यासाठी पालकांकडून वर्गणी काढू नये. दोन मुलांनी आपणास आवडलेले पुस्तक कोणते व का ते सांगावे, समितीच्या अध्यक्षांनी पत्र वाचून दाखवावे, आणि एक गठ्ठा मुलांच्या हातून संस्थेच्या प्रतिनिधीस द्यावा. आणलेली वस्तू वापरून, मोजून, आभार मानून परत द्यावयाची असते, हे मुलांनी या निमित्ताने प्रत्यक्ष पाहिलेले असते.

सांगता झाल्यानंतर जून महिन्यात शाळा उघडताच मुख्याध्यापकांनी दोन वह्या पाहाव्यात. ग्रंथालय नोंदवहीत भेटीची सर्व पुस्तके दाखल क्रमांकासह चढली आहेत की नाहीत, हे पहिलीत दिसेल. दुसरी देवघेवीची. तिच्या नव्या पानावर पहिल्याच शनिवारी मुलांची नावे उमटली असतील, तर सांगता नीट झाली असे समजण्यास हरकत नाही.